र असेल तर वर

श्रावण-भाद्रपदात डेंग्यूचा ताप घरोघर शिरतो आणि त्याच्या मागोमाग रक्ताचे अहवाल मोबाइलवर येऊ लागतात. आकड्यांच्या रांगा संपल्या की तळाशी शेरा असतो : थ्रोम्बोसायटोपेनिया, ल्युकोपेनिया. पोटाची सोनोग्राफी केली असेल तर तिच्यात हिपॅटोमेगाली, असायटिस आणि प्लुरल इफ्यूजन हे आणखी तीन पाहुणे. डॉक्टरांची भेट संध्याकाळी सात वाजता, अहवाल हातात दुपारी तीनला. मधले चार तास घरातली माणसे त्या शब्दांकडे बघत बसतात. शब्द जितका लांब तितका आजार मोठा, असे मनाने परस्पर ठरवून टाकलेले असते.

हे शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून केलेले आहेत. ग्रीक न शिकता त्यांचा बराचसा अर्थ काढता येतो, आणि मराठी माणसाला तर इतरांपेक्षा थोडा सोपा जातो. आपण शाळेत समास सोडवलेले असतात. तत्पुरुष समासात शेवटचे पद महत्त्वाचे असते. राजवाडा हा वाडाच असतो, राजाचा. वैद्यकातल्या या लांबलचक शब्दांचा विग्रहही तसाच करायचा, म्हणजे शेवटच्या पदाकडून मागे यायचे. आपण चूक करतो ती इथेच. डावीकडून वाचायला घेतो, तिसऱ्या अक्षराला अडखळतो आणि नाद सोडतो.

थ्रोम्बोसायटोपेनियाच घेऊ. शेवटी ‘पेनिया’ आहे. ग्रीकमध्ये पेनिया म्हणजे गरिबी, टंचाई. एवढे कळले की अर्धे काम झाले, कारण कशाची तरी कमतरता आहे हे नक्की. कशाची? पेनियाच्या आधी ‘सायटो’ आहे. कायटोस म्हणजे पोकळ भांडे. जीवशास्त्राने हा शब्द पेशीसाठी उचलला. म्हणजे पेशींची टंचाई. कोणत्या पेशींची? सुरुवातीचा ‘थ्रोम्बो’ म्हणजे रक्ताची गुठळी. उलगडा असा झाला : गुठळी करणाऱ्या पेशींची टंचाई. आपण ज्यांना बोलताना प्लेटलेट म्हणतो, त्या कमी झाल्या आहेत. चार अक्षरांचा परिचित शब्द बाजूला ठेवून आठ अक्षरांचा अपरिचित शब्द छापला, एवढेच झाले.

ल्युकोपेनिया आता आपोआप सुटतो. पेनिया ओळखीचा झाला आहे. ल्युकोस म्हणजे पांढरा. पांढऱ्याची टंचाई, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी. या शब्दात ‘सायटो’ गाळलेला आहे. पूर्ण रूप ल्युकोसायटोपेनिया असे होते, पण रोज बोलणाऱ्यांनी मधले पद खाऊन टाकले. आपण नाही का ‘पोस्ट ऑफिस’ सोडून नुसते ‘पोस्टात’ जात? हिपॅटोमेगालीत शेवटचे पद ‘मेगाली’, म्हणजे मोठेपणा, आणि आधी ‘हिपॅटो’ म्हणजे यकृत. यकृत वाढले आहे. स्प्लीनोमेगाली असे लिहिले असते तर प्लीहा वाढली असती.

तुकडे कुठे पाडायचे हा पुढचा प्रश्न. इथे एक ‘ओ’ मदतीला येतो. थ्रोम्ब-ओ-सायट-ओ-पेनिया. दोन ग्रीक पदांच्या मध्ये बहुतेक वेळा हा ‘ओ’ घातलेला असतो. त्याला स्वतःचा अर्थ नाही, उच्चार सोपा व्हावा म्हणून तो आहे. शेवटचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर हा ‘ओ’ गळून पडतो. जठराला गॅस्ट्र. दुर्बिणीने जठर पाहायचे तर गॅस्ट्र-ओ-स्कोपी, पण जठराला सूज असेल तर गॅस्ट्र-आयटिस. दोन अवयव एकापुढे एक आले तर मात्र दुसरा स्वराने सुरू होत असला तरी ‘ओ’ राहतो. जठर आणि आतडे या दोन्हींची सूज म्हणजे गॅस्ट्र-ओ-एंटर-आयटिस. जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात ठेवलेल्या मुलाच्या कागदावर हा शब्द हमखास दिसतो. शब्द लांब असला की त्यातले ‘ओ’ शोधायचे आणि तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. पुष्कळदा तेवढ्याने भागते.

पुष्कळदा म्हटले, नेहमी नव्हे. जगाने एक शब्द चुकीच्या जागी तोडला आणि ती चूक आता कायमची झाली आहे. हेलिकॉप्टर आपण हेलि आणि कॉप्टर असा तोडतो. मूळ तुकडे हेलिको आणि प्टेर. हेलिक्स म्हणजे मळसूत्राचे वळण आणि प्टेरोन म्हणजे पंख. मळसूत्री फिरणारा पंख. टेरोडॅक्टिल या उडत्या प्राचीन सरड्याच्या नावात हाच प्टेरोन आहे. पुढे डॅक्टिल म्हणजे बोट, कारण त्याचा पंख एका लांब बोटाला ताणलेला होता. पण तोंडात ‘कॉप्टर’ बसला, आणि त्यातून चार पंख्यांच्या ड्रोनला क्वाडकॉप्टर हे नाव मिळाले. ग्रीक माणसाला त्यातले ‘कॉ’ कुठून आले ते कळणार नाही.

आता उपसर्गांकडे वळू. मराठी वाचकाची खरी कमाई तिथे आहे.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या आहेत हे आपण ऐकून असतो. वैद्यकीय शब्दांत हे नाते अगदी रोज भेटते. नकाराचा उपसर्ग पाहा. संस्कृतात व्यंजनापुढे ‘अ’ लागतो आणि स्वरापुढे ‘अन्’ : अशक्त, पण अनुचित. नञ् तत्पुरुषाचा हा नियम आपण घोकलेला असतो. ग्रीकमध्येही नकाराचा उपसर्ग व्यंजनापुढे ‘अ’ आणि स्वरापुढे ‘अन्’ असाच आहे. हैमा म्हणजे रक्त. त्यातला ‘ह’ ग्रीक लिपीत स्वतंत्र अक्षर नाही, शब्द स्वरानेच सुरू होतो असे मानतात, म्हणून तिथे ‘अन्’ लागतो. तोच ॲनिमिया. अवघड पडलेल्या गोष्टीसाठी ग्रीकमध्ये ‘डिस’, आपल्याकडे दुस् किंवा दुर् : डिस्प्निया म्हणजे श्वास घेणे कठीण होणे, जसे दुर्गम म्हणजे जायला कठीण. सभोवारसाठी ‘पेरी’, आपल्याकडे परि : हृदयाभोवतीचे आवरण पेरिकार्डियम, जसा गावाभोवतीचा परिसर. चांगल्यासाठी ‘यू’, आपल्याकडे सु. अवयवांतही ओळखी निघतात. दाताला ओडोंट आणि दंत, पायाला पोड आणि पाद, हाडाला ऑस्टिओ आणि अस्थि, लालाला एरिथ्रो आणि रुधिर. हेपार आणि यकृत ऐकायला एकमेकांपासून फार लांब वाटतात, पण भाषाशास्त्रज्ञ त्यांनाही एकाच मुळाचे मानतात.

डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या नावात या नात्याचा एक सुरेख पुरावा दडलेला आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान मायगेन यांनी 1818 मध्ये डासांच्या दोन प्रजातींना नावे दिली : एडीस आणि ॲनोफिलिस. ॲनोफिलिस हा ‘अन्’ आणि ओफेलोस यांचा शब्द. ओफेलोस म्हणजे उपयोग, डास निरुपयोगी. पुढे हाच डास मलेरिया वाहून नेतो असे सिद्ध झाले तेव्हा ‘निरुपयोगी’ हे फारच सौम्य नाव ठरले, ते सोडा. एडीस म्हणजे अप्रिय, न आवडणारा. तो ‘अ’ आणि हेडोस, म्हणजे सुख, यांतून आला. पण नियमाने स्वरापुढे ‘अन्’ हवा होता, मग इथे नुसता ‘अ’ कसा? कारण फार पूर्वी त्या शब्दाच्या सुरुवातीला व्यंजने होती. ग्रीकमधून ती झिजून गेली, संस्कृतात टिकली. हेडोसच्या भाईबंदांत आपला ‘स्वादु’ आहे, आणि त्यातला ‘स्व’ हीच ती हरवलेली व्यंजने. एडीस म्हणजे मुळाशी अ-स्वादु. त्याच्या पुढचे इजिप्ती हे पद इजिप्त देशावरून आहे.

या सगळ्या नात्यांपैकी एकच लक्षात ठेवायचे असेल तर मी हायपो आणि हायपर यांचे सांगेन. वैद्यकात सगळ्यात घातक गोंधळ या जोडीचा होतो. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपर म्हणजे वर, जास्त. फोनवर किंवा धावत्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात. थायरॉइडचे दुखणे असलेल्या निम्म्या माणसांना आपले हायपो की हायपर हे पटकन सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. पण हायपो म्हणजे संस्कृतातले ‘उप’ आणि हायपर म्हणजे ‘उपरि’. उपाध्यक्ष अध्यक्षाच्या खाली असतो. सरकारी पत्रातला ‘उपरोक्त’ मजकूर वर लिहिलेला असतो (व्याकरणाचे लोक उपर्युक्त म्हणा म्हणतील, ते बरोबरच आहे). उप आणि उपरि यांत फरक ‘र’चा, हायपो आणि हायपर यांतही फरक ‘र’चाच. र असेल तर वर. ही नुसती पाठांतराची युक्ती नाही. दोन्ही भाषांतला तो र एकाच जागेवरून आलेला आहे.

इथवर आलेला वाचक जरा धीट होतो, आणि नेमका इथेच फसतो. सुटलेला शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही हे आता पाहायला हवे, आणि त्यासाठी आपल्या डेंग्यूच्या कागदाकडे परत जावे लागेल.

प्लेटलेटची सर्वसाधारण संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे दीड लाख ते साडेचार लाख धरतात. एक लाख चाळीस हजार आली तरी शेरा थ्रोम्बोसायटोपेनिया, आणि बारा हजार आली तरी शेरा थ्रोम्बोसायटोपेनियाच. पहिल्या माणसाला घरी पाठवतील, दुसऱ्याला दाखल करून घेतील. शब्दाने दिशा सांगितली, अंतर नाही. ‘पेनिया’त टंचाई आहे, पण ती पाऊण विहीर भरलेली असतानाची की तळ दिसतानाची, हे शेजारच्या आकड्यातच कळते. शिवाय टंचाई का झाली हेही शब्दात नाही. डेंग्यूत प्लेटलेट घटतात तशा त्या काही औषधांनी, यकृताच्या जुन्या आजाराने, किंवा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट केल्यानेही घटतात. चारही ठिकाणी छापलेला शब्द एकच.

नकाराच्या ‘अन्’चेही तसेच. विग्रहाप्रमाणे ॲनिमिया म्हणजे रक्त नसणे. रक्त नसलेला माणूस अहवाल न्यायला येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचे 13 ग्रॅमच्या खाली गेले की त्याला ॲनिमिया म्हणतात. ग्रॅम म्हणजे दर डेसिलिटरमागे. आपला ‘रक्तक्षय’ या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे, तो झीज म्हणतो, अभाव म्हणत नाही. लघवी थांबण्यासाठी ॲन्यूरिया हा शब्द आहे. उच्चार ऐकून एक थेंबही नाही असे वाटेल, पण दिवसाला 100 मिलिलिटरच्या आत लघवी झाली तरी डॉक्टर ॲन्यूरियाच म्हणतात. साधारण 400 मिलिलिटरच्या आत असेल तर ऑलिगुरिया. ऑलिगो म्हणजे थोडे. तेव्हा वैद्यकातला ‘अ’ किंवा ‘अन्’ दिसला की त्याचा अर्थ शून्य असा न लावता ‘पुरेसे नाही’ असा लावावा.

आणखी एक गोष्ट. शब्द ज्याने घडवला त्याला त्या दिवशी जे ठाऊक होते, तेवढेच शब्दात येते. पुढे विज्ञान सरकते, नाव मागेच राहते. प्लेटलेटला थ्रोम्बोसाइट म्हटले, म्हणजे गुठळीची पेशी. पण आपल्या शरीरात प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसतेच. तिच्यात केंद्रक नसते. अस्थिमज्जेत मेगॅकॅरियोसाइट नावाची एक भलीमोठी पेशी असते. विग्रह करून पाहा : मेगा म्हणजे मोठे, कॅरियोन म्हणजे कठीण कवचाच्या फळातला गर, आणि त्यावरून केंद्रक, साइट म्हणजे पेशी. मोठ्या केंद्रकाची पेशी. तिचे तुकडे तुटून रक्तात येतात, त्या प्लेटलेट. बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी 1906 मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे थ्रोम्बोसायटोपेनियाचा आपला विग्रह भाषेच्या दृष्टीने चोख आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा होता. अंदाज मात्र उपयोगी पडला.

असे शिळे ज्ञान शब्दाशब्दांत साठलेले आहे. शुद्ध रक्तवाहिनीला आर्टरी म्हणतात. अलेक्झांड्रियात ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरासिस्ट्रेटस नावाचा वैद्य होता. त्याचे मत असे की या नळ्यांतून प्राणवायूसारखे काहीतरी वाहते, रक्त नव्हे. मृत शरीरात त्या बहुधा रिकाम्या सापडत, त्यामुळे हे मत पटण्यासारखेही होते. श्वासनळीलाही तेव्हा आर्टेरियाच म्हणत, फक्त खरखरीत आर्टेरिया. त्या ‘खरखरीत’चे ग्रीक विशेषण म्हणजे आजचा ट्रॅकिया. चारशेहून अधिक वर्षांनी गॅलेनने जिवंत प्राण्याच्या या नळ्यांत रक्तच असते हे प्रयोगाने दाखवले. नाव बदलले नाही.

कोलेस्टेरॉलही असेच. कोले म्हणजे पित्त, स्टिरिओस म्हणजे घट्ट. घट्ट पित्त? लिपिड प्रोफाइल हातात धरून हा विग्रह केला तर काहीच लागत नाही. हा पदार्थ पहिल्यांदा पित्ताशयातल्या खड्यांत सापडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शव्रल यांनी त्याला खड्यावरून नाव दिले. नाव सापडण्याची जागा सांगते. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांत काय करतो हे शव्रल यांना कळणे शक्यच नव्हते. पण तोच ‘कोले’ सोनोग्राफीच्या अहवालात अगदी सरळ चालतो : कोलेलिथियासिस, लिथोस म्हणजे दगड, पित्ताचे खडे. कोलेसिस्टेक्टॉमी, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणे, पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. ‘सिस्ट’ आणि ‘सायट’ यांची गल्लत तेवढी करू नये. पहिली पिशवी, दुसरी पेशी.

हिमोफिलिया या शब्दापुढे तर विग्रहाने हातच टेकावे. हिमो म्हणजे रक्त, फिलिया म्हणजे प्रेम. रक्तावर प्रेम! प्रत्यक्षात हा रक्त नीट न गोठण्याचा आजन्म विकार. फिलियाचा अर्थ इथे ओढा, कल असा ताणून घेतला आहे, रक्तस्रावाकडे कल. इओसिनोफिलियात तोच फिलिया आणखी वेगळ्या वाटेने आला. इओसिन हा गुलाबी रंग. इओस ही ग्रीकांची उषा. (आपल्या उषेचीच ती बहीण, भाषेच्या नात्याने.) काही पांढऱ्या पेशी तो रंग चटकन पितात म्हणून त्या इओसिनोफिल, म्हणजे इओसिनप्रिय, आणि त्या वाढल्या की इओसिनोफिलिया. जंत किंवा दमा असलेल्यांच्या अहवालात हा शब्द वरचेवर येतो. त्यात पहाट आहे, प्रेम आहे, फक्त आजार कुठेच नाही.

मग विग्रह फसला हे ओळखायचे कसे? माझा ठोकताळा असा की लावलेला अर्थ त्या कागदाशी जुळतो का ते पाहावे. थ्रोम्बोसायटोपेनियाचा अर्थ प्लेटलेट कमी असा लावला, तर त्याच कागदावर प्लेटलेटचा आकडा आहे. तो खरोखर कमी असला पाहिजे. हिपॅटोमेगाली असेल तर सोनोग्राफीत यकृताची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. जुळले नाही तर आपला विग्रह चुकला, कागद नव्हे. आणि विग्रह करण्याआधी शब्द मुळात ग्रीक-लॅटिन आहे का हेही पाहावे. मलेरिया इटालियन, वाईट हवा. चिकनगुनियाचा चिकनशी काही संबंध नाही. टांझानियाच्या बाजूच्या माकोंडे भाषेतला तो शब्द आहे आणि सांधेदुखीने वाकून जाणे असा त्याचा रोख आहे. डेंग्यू कुठल्या भाषेतून आला यावर जाणकारांचे एकमत नाही. यांवर ग्रीक चावी चालवली तर कुलूप मोडेल.

राहिलेले दोन शब्द उरकून घेऊ. असायटिसच्या शेवटी ‘आयटिस’ दिसतो, आणि आयटिस म्हणजे सूज, दाह, हे आता आपल्याला माहीत आहे. इथेच सावध व्हावे. असायटिस हा दाह नाही, पोटात पाणी साठणे आहे. ग्रीक आस्कोस म्हणजे कातडी पिशवी, आपली पखाल. पाण्याने भरलेल्या पखालीसारखे पोट. रोमन लिपीत त्याचे शेवटचे अक्षर-लेखन आयटिसपेक्षा वेगळे आहे, पण देवनागरीत आणि उच्चारात ते भेद पुसले जातात. प्लुरल इफ्यूजनमध्ये प्लुरा ग्रीक, बरगडीची बाजू, आणि इफ्यूजन लॅटिन, बाहेर ओतणे. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी. डेंग्यूत ही दोन्ही पाणी होण्याचे कारण एकच : केशवाहिन्यांतून रक्तातला द्रव झिरपतो. म्हणूनच अनुभवी डॉक्टर प्लेटलेटइतकेच, किंबहुना जास्तच, हिमॅटोक्रिटकडे बघतात. हिमॅटो म्हणजे रक्त, क्रिट हा निवाडा करणे, वेगळे करणे या धातूवरून. रक्तात पेशींचा वाटा किती टक्के, हे तो आकडा सांगतो. द्रव बाहेर गेला की उरलेले रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. नेहमीच्या पातळीपेक्षा तो 20 टक्क्यांनी चढला तर गळती सुरू झाल्याची ती खूण धरतात. घरची माणसे मात्र सगळे लक्ष प्लेटलेटवर ठेवतात आणि पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात.

देवनागरीचा उल्लेख निघाला म्हणून आपल्या लिपीतले सापळेही सांगतो, कारण इंग्रजी पुस्तके ते सांगणार नाहीत. हायड्रो म्हणजे पाणी. हायड्रोनेफ्रोसिस, मूत्रपिंडात लघवी तुंबून ते फुगणे. पण तळहातांना फार घाम येण्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, आणि त्यातला हायड्रो पाण्याचा नाही, घामाचा आहे. रोमन लिपीत पाण्याच्या हायड्रोत वाय आणि घामाच्या हायड्रोत आय असतो. देवनागरीत दोघांचा चेहरा एक. तसाच इलियम. लहान आतड्याच्या शेवटच्या भागालाही इलियम आणि कमरेच्या रुंद हाडालाही इलियम. रोमन लिपीत मधल्या एका अक्षराचा फरक, आपल्याकडे तोही नाही. शंका आली तर मूळ कागदावरचे रोमन स्पेलिंग पाहावे, मराठी लिप्यंतरावर विसंबू नये.

आणि सर्वांत जपून वाचायची जोडी म्हणजे हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सेमिया. ‘एमिया’ म्हणजे रक्तात, हायपो म्हणजे कमी. मधला ‘कॅल्स’ कॅल्शियमचा. ‘कॅल’ मात्र पोटॅशियमचा, त्याच्या कॅलियम या लॅटिन नावावरून. ते नाव अरबीत वनस्पतींच्या राखेला जो शब्द आहे त्यावरून आले. रसायनशास्त्रात पोटॅशियमची खूण K आहे ती याच कॅलियममुळे. रक्तात पोटॅशियमची पातळी साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रति लिटर या अरुंद पट्ट्यात राहावी लागते. खाली गेली तरी हृदयाचे ठोके बिघडतात, वर गेली तरी बिघडतात, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. ज्याला हायपरकॅलेमिया आहे त्याला पोटॅशियम दिले तर हृदय बंद पडू शकते. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला घरच्यांनी मायेने दिलेला शहाळ्याचा पेलाही इथे मोजावा लागतो.

तेव्हा प्रयोगशाळेतून किंवा दवाखान्यातून फोनवर असा शब्द कळला, तर ‘हायपो की हायपर, कमी की जास्त’ असे मराठीत उलट विचारा, आकडा मागा, आणि शब्द लिहून पाठवायला सांगा. विचारणाऱ्याचा राग कुणालाही येता कामा नये. आला तरी विचारा.